रयतेचा फणस आणि राज्याचे दायाद

दरवर्षी शिवजयंती जवळ आली की एक उतारा फोनवर फिरू लागतो. आरमारासाठी लाकूड लागतं, पण रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, कारण ती झाडं त्यांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात. खाली लिहिलेलं असतं, ‘छत्रपती शिवाजी महाराजांचं आज्ञापत्र’. मजकूर अस्सल आहे, पण तो महाराजांच्या पत्रातला नाही. महाराजांच्या निधनानंतर पस्तीसेक वर्षांनी, १७१५-१६ च्या सुमारास, पन्हाळ्याच्या गादीवर नुकत्याच बसलेल्या एका कोवळ्या राजाच्या नावाने निघालेल्या ‘आज्ञापत्र’ या ग्रंथातला तो आहे. लिहिणारे रामचंद्रपंत अमात्य. राजा म्हणजे राजाराम महाराज आणि राजसबाई यांचा मुलगा संभाजी, वय फार तर सतरा-अठरा.

हा उतारा महाराजांच्या नावावर फिरतो याचं मला फारसं दुःख नाही. रामचंद्रपंत त्यांच्याच हाताखाली तयार झालेले, विचार तिथूनच आलेला असणार. वाईट याचं वाटतं की त्या एका उताऱ्यापुढे कुणी जात नाही. कारण तो उतारा एका मोठ्या युक्तिवादाचा तुकडा आहे, आणि तो युक्तिवाद झाडांपेक्षा माणसांबद्दल आहे.

जाणत्या माणसाने राजाला राज्य कसं करावं हे सांगायचं, हा साहित्यप्रकार जगभर आढळतो. युरोपात आणि इराणात त्याला राजपुत्रांचा आरसा म्हणतात. आपल्याकडे अर्थशास्त्र आहे, महाभारताचं शांतिपर्व आहे. पण यातले बरेचसे ग्रंथ विद्वानांनी विद्वत्तेच्या उंचीवरून लिहिलेले असतात. आज्ञापत्र तसं नाही. ज्याने स्वतः चाळीसहून अधिक वर्षं दफ्तर, किल्ले, फौज आणि वसुली सांभाळली त्या म्हाताऱ्या कारभाऱ्याने ते लिहिलं आहे, आणि त्यात आदर्श म्हणून जे येतं ते बहुतेक वेळा कुठल्या तरी चुकीवरचा उपाय म्हणून येतं.

रामचंद्रपंतांची कारकीर्द थोडक्यात सांगायला हवी. वडील नीळो सोनदेव शिवकाळातले मुत्सद्दी. १६७४ च्या राज्याभिषेकात रामचंद्रपंत अष्टप्रधानांत अमात्य म्हणून उभे होते, तेव्हा ते पंचविशीच्या आसपासचे. पुढे संभाजी महाराजांचा काळ पाहिला. १६८९ मध्ये संभाजी महाराज मारले गेले, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले, आणि इकडे महाराष्ट्रात मागे उरलेल्या राज्याचा कारभार ‘हुकुमतपन्हा’ हा किताब देऊन रामचंद्रपंतांवर सोपवला गेला. औरंगजेब स्वतः दख्खनेत ठाण मांडून बसलेला, राजा शेकडो कोसांवर वेढ्यात आणि खजिना रिकामा. त्या काळात शंकराजी नारायण सचिव, संताजी, धनाजी यांच्यासोबत त्यांनी राज्य जिवंत ठेवलं. नंतर ताराबाईंचा काळ आला, १७०७ मध्ये शाहू महाराज सुटून आले, एका राज्याच्या दोन गाद्या झाल्या, साताऱ्याला शाहूंची आणि पन्हाळ्याला ताराबाईंची. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर ताराबाई आणि त्यांचा मुलगा कैदेत गेले आणि संभाजीराजे गादीवर आले. इतकी उलथापालथ पाहिलेला माणूस या नव्या राजासाठी लेखणी उचलतो.

आता तो उतारा जवळून पाहू. तो आरमाराच्या प्रकरणात येतो आणि कामाच्या गोष्टीपासून सुरू होतो. गलबतांना तख्ते, सोट, डोलकाठ्या लागतात, म्हणजे थोर लाकूड लागतं. ते कुठून आणायचं? राज्यातल्या अरण्यातले सागवान वगैरे हुजूर कळवून, हुजूरची परवानगी घेऊन तोडावेत. कमी पडलं तर परमुलखातून विकत आणावं. आणि मग:

“स्वराज्यातील आंबे, फणस आदिकरून हेही लाकडे आरमाराचे प्रयोजनाची. परंतु त्यास हात लावू न द्यावा. काय म्हणोन की, ही झाडे वर्षा दो वर्षांनी होतात यैसे नाही. रयतेने ती झाडे लावून लेकरासारखी बहुत काळ जतन करून वाढविली. ती झाडे तोडिलियावरि त्यांचे दुःखास पारावार काये?”

हे लाकूड उपयोगाचं आहे हे पंत नाकारत नाहीत, उलट ते आधी कबूल करतात. आरमाराची गरजही खरी आहे, कारण त्याच प्रकरणात आरमाराला त्यांनी राज्याचं स्वतंत्र अंग म्हटलं आहे. म्हणजे राज्याला खरोखर हवी असलेली, हाताशी असलेली, फुकट मिळू शकणारी वस्तू घ्यायची नाही, असं इथे सांगितलं आहे. त्याचं कारण दिलंय ते वेळेचं. कोकणात ज्याच्या घरामागे फणस आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. बियापासून लावलेला फणस फळ धरायला सात-आठ वर्षं घेतो, रायवळ आंबाही तेवढीच. लावणाऱ्याने आधी गुराढोरांपासून कुंपण करायचं, उन्हाळ्यात लांबून पाणी आणून घालायचं, आणि फळ बहुधा मुलांनी खायचं. आमच्या परसातला फणस आजोबांनी लावलेला, त्याचे गरे खाताना त्यांचं नाव निघतंच.

मला या उताऱ्यात नेहमी आणखी एक गोष्ट दिसते. ज्या मुलखात पंचवीस वर्षं मोगलांशी युद्ध चाललं, गावं उठली, लोक डोंगरात पळाले, तिथे कुणी आंबा लावतो याचा अर्थ त्याने पुढची दहा-पंधरा वर्षं इथेच राहायचं ठरवलं आहे. आपण लावलेलं आपल्याकडे राहील असा त्याचा भरवसा आहे. झाड तोडलं की तो भरवसा तुटतो, आणि शेजारच्या दहा जणांचाही तुटतो. पंतांनी हे अशा शब्दांत लिहिलेलं नाही, पण एकाला दुःख देऊन जे कार्य केलं जातं ते करणाऱ्यासह थोड्याच काळात बुडून जातं, हे त्यांनी लगेच पुढे लिहिलं आहे. एखादं झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेलं असेल तरच, “त्याचे धन्यास राजी करून द्रव्य देऊन त्याचे संतोषे तोडून न्यावे, बलात्कार सर्वथा न करावा.” वाळून चाललेल्या झाडासाठीसुद्धा दोन अटी आहेत, पैसे आणि राजीखुशी. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात मोबदला होता, संमती नव्हती. २०१३ च्या नव्या कायद्यात खासगी प्रकल्पांसाठी ऐंशी टक्के आणि भागीदारीतल्या प्रकल्पांसाठी सत्तर टक्के बाधितांची संमती आली, पण सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पांना ती अट नाही. आज्ञापत्रातला प्रकल्प मात्र सरकारचाच होता.

त्याच आरमार प्रकरणात एक वाक्य आहे जे कुणी फोनवर पाठवत नाही, आणि मला ते झाडांच्या उताऱ्याइतकंच मोलाचं वाटतं. आरमाराचा पगार मुलखाच्या वसुलीतून नेमून द्यावा, समुद्रावरच्या पैदास्तीवर, म्हणजे तिथे जे मिळेल त्यावर, नेमू नये. का, तर तसं केलं की व्यापाऱ्यांना उपद्रव होतो आणि सावकारी बुडते. नीट विचार केला तर इथे एक पूर्ण प्रशासनशास्त्र आहे. खलाशांना चांगलं वागा म्हणून उपदेश केलेला नाही. त्यांचं पोट लुटीवर अवलंबून ठेवलं तर ते लुटणारच, मग समोरचं गलबत शत्रूचं असो की आपल्या बंदरात माल आणणाऱ्या सावकाराचं, हे पंतांना माहीत आहे. म्हणून पगाराचा उगमच बदलायचा. आणि सावकार म्हणजे त्यांच्या मते राज्याची शोभा. न मिळणाऱ्या वस्तू त्याच्यामुळे राज्यात येतात, अडीअडचणीला कर्ज त्याच्याकडून मिळतं.

या दोन्ही ठिकाणी रयतेला किंवा सावकाराला छळणारा कोण आहे? शत्रू नाही. राजाही नाही. तो राजाचा माणूस आहे, लाकूडतोडीला पाठवलेला कारकून किंवा गलबतावरचा शिपाई. माझ्या मते आज्ञापत्राचा गाभा इथे आहे. चांगलं राज्य म्हणजे राजाने आपल्याच माणसाच्या हाताला बांध घालणं.

हा विचार रामचंद्रपंतांनी कुठे शिकला असावा याचा उत्तम पुरावा उपलब्ध आहे, आणि तो खरोखर महाराजांच्या पत्रात आहे. १६७३ मध्ये चिपळूण भागात छावणीला असलेल्या घोडदळाच्या जुमलेदार-हवालदारांना ते पत्र गेलं. पावसाळा तोंडावर आहे, दाणावैरण आहे ती आताच उधळलीत तर पुढे घोडी मरतील. मग तुमचे लोक कुणब्यांकडून कुणी दाणे आणील, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी भाजी. जे कुणबी कसेबसे घर धरून राहिलेत तेही जाऊ लागतील, आणि त्यांना वाटेल की मोगल मुलखात आले त्याहून तुम्ही अधिक. रात्री दिवा तसाच ठेवून झोपाल, उंदीर पेटती वात उचलून नेईल आणि गवताची गंज जाईल, इथवर त्या पत्रात खाली उतरून सांगितलेलं आहे. मोठी वाक्यं त्यात जवळजवळ नाहीत. भाजीच्या जुडीपासून अन्याय कसा सुरू होतो ते मात्र पायरी-पायरीने दाखवलं आहे.

इराणातही हाच धागा सापडतो हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. सेल्जुक सुलतान मलिकशाहचा वजीर निजामुल्मुल्क (हैदराबादच्या निजामाच्या सहाशे वर्षं आधीचा) याने अकराव्या शतकाच्या अखेरीला ‘सियासतनामा’ लिहिला. त्यात बहराम गूर या जुन्या इराणी राजाची एक कथा आहे. राजाचा खजिना आटला, रयत उजाड झाली आणि कारण कळेना. राजा एकटा घोड्यावरून बाहेर पडला. वाटेत एका मेंढपाळाच्या तंबूपाशी कुत्रा फासावर लटकवलेला दिसला. मेंढपाळ म्हणाला, हा माझा राखणीचा विश्वासू कुत्रा होता. मेंढ्या कमी होऊ लागल्या, चोर सापडेना. मी लपून पाहिलं, तर याची एका लांडगीशी सलगी झालेली, ती यायची आणि मेंढी न्यायची, हा गप्प बसायचा. राजाला आपल्या वजिराचा उलगडा झाला. ही कथा एक वजीर आपल्या सुलतानाला सांगतो आहे हे लक्षात घ्यावं. त्याच ग्रंथात जहागिरी सांभाळणाऱ्या इक्तादारांबद्दल लिहिलंय की ठरलेला वसूल सौजन्याने घेणं एवढाच त्यांचा हक्क. रयतेच्या जिवावर, मालावर, बायकामुलांवर त्यांचा काडीचा अधिकार नाही. आणि दर दोन-तीन वर्षांनी त्यांना हलवावं, म्हणजे ते मूळ धरणार नाहीत.

आज्ञापत्रातही बदल्या आहेत. किल्ल्यावरचा हवालदार तीन वर्षांनी, सरनोबत चार वर्षांनी, सबनीस आणि कारखानीस पाच वर्षांनी बदलावे. सगळे एकदम बदलायचे नाहीत, कारण मग किल्ल्याची माहिती असलेला कुणीच उरणार नाही. पण जास्त काळही ठेवायचे नाहीत. किल्ला फितुरीने गेलेला पाहिलेल्या माणसाने केलेला हा हिशेब आहे.

ज्यांची बदलीच करता येत नाही त्यांचं काय, हा प्रश्न मग उरतो. आज्ञापत्रातलं सर्वांत धारदार प्रकरण त्यांच्याबद्दल आहे. देशमुख, देशकुलकर्णी, पाटील यांना वतनदार म्हणणं ही नुसती बोलण्याची रीत, पंत म्हणतात, खरं तर ते लहान असले तरी “स्वतंत्र देशनायकच” आहेत. आहे तेवढ्यावर ते समाधानी राहत नाहीत. नवीन मिळवावं, बळकट व्हावं, बळकट झालं की दुसऱ्याचं घ्यावं, हा त्यांचा सहज स्वभाव. राजा जाब विचारणार असं दिसलं की दुसऱ्याचा आश्रय धरतात. परचक्र आलं की वतन वाचावं म्हणून सर्वांत आधी शत्रूला जाऊन भेटतात आणि इकडचा भेद तिकडे करतात. म्हणून पंत त्यांना राज्याचे दायाद म्हणतात, राजाच्या सत्तेत वाटा मागणारे भाऊबंद. भावकीतला जमिनीचा वाद ज्याने पाहिलाय त्याला या शब्दाची धग कळेल.

इतकं लिहून झाल्यावर त्यांची वतनं काढून घ्या असं पंत म्हणतील असं वाटतं. ते तसं म्हणत नाहीत. वतनं जुनी आहेत, मोडणं हा अन्याय होईल, आणि मोडू गेलात तर प्रसंग ओढवेल. तेव्हा त्यांना सांभाळायचंही आणि धाकातही ठेवायचं, फार मोकळं सोडायचं नाही आणि फार आवळायचंही नाही. नवीन वृत्ती, म्हणजे नवीन वतनं, मात्र देऊ नयेत. चाकराने पगार घेऊन काम केलं तर ते त्याचं कर्तव्यच झालं, त्यासाठी पिढीजात जमीन कशाला? राजा भूमीचा पालक म्हणवतो, भूमीच देऊन टाकली तर पालन कशाचं करणार?

हे वाचताना माझं मन दर वेळी अडखळतं, कारण १६८९ नंतर वतनांची खैरात झाली ती बहुतांशी रामचंद्रपंतांच्याच अमलात. दुसरा मार्गही नव्हता. औरंगजेब मराठा सरदारांना आणि देशमुखांना वतनांच्या सनदा देऊन फोडत होता. जिंजीहून आणि विशाळगडाहून तेवढंच किंवा त्याहून जास्त देण्याचं वचन गेलं नसतं तर माणसं टिकली नसती. अजून हातात नसलेल्या मुलखाचीसुद्धा वतनं वाटली गेली, तो मुलूख जिंकून घ्या आणि खा, या बोलीवर. राज्य वाचलं ते असं. मग दोन गाद्या झाल्यावर तर प्रत्येक देशमुखाला पन्हाळा आवडला नाही तर सातारा मोकळा होता. राजशासन होताच दुसऱ्याचा आश्रय धरतात हे वाक्य पंतांनी कुठल्या पोथीतून घेतलेलं नाही, ते त्यांच्या दफ्तरातून आलेलं आहे.

म्हणून या प्रकरणाला मी ढोंग म्हणत नाही. ज्या औषधाने रोगी जगवला त्याची किंमत काय पडते हे त्या वैद्यालाच सर्वांत चांगलं ठाऊक होतं, आणि तो ते पुढच्या राजाला सांगून ठेवतो आहे. शिवाय हा ग्रंथ बाहेरून राजाची आज्ञा म्हणून सजलेला आहे. संभाजीराजे अमात्यांना आज्ञा करतात असा त्याचा घाट. म्हाताऱ्याने स्वतःच्या अनुभवाचे शब्द त्या तरुणाच्या तोंडी घातले, जणू ते त्याने आधीच ठरवलेलं आहे. यापेक्षा आदरपूर्वक उपदेश कसा करता येईल मला माहीत नाही.

तरी या ग्रंथाची मर्यादा मोठी आहे आणि ती झाडांच्या उताऱ्यातही आहे. हुजूरच्या कारकुनाने फणस तोडलाच, तर रयतेने काय करायचं? त्याचं उत्तर आज्ञापत्रात नाही. असं करणारा बुडेल, प्रजापीडनाचा दोष धन्याच्या पदरी पडेल, एवढंच. रयतेच्या दुःखाची जाणीव खोल आहे, पण तिच्या हातात काही दिलेलं नाही. सगळा बांध राजाच्या मनात बांधायचा, आणि राजा सतरा वर्षांचा. सियासतनाम्यातही तेच आहे. सुलतानाने आठवड्यातून दोन दिवस स्वतः बसून तक्रारी ऐकाव्यात असा नियम तिथे सांगितलाय, तो आज्ञापत्रापेक्षा एक पाऊल पुढे आहे. पण सुलतान बसलाच नाही तर? पुढे काही नाही.

प्रत्यक्षात घडलं ते उपदेशाच्या उलट. साताऱ्याकडे बाळाजी विश्वनाथांच्या काळापासून सरंजाम, म्हणजे फौजेच्या खर्चासाठी सरदारांना तोडून दिलेले मुलूख, वाढत गेले आणि वंशपरंपरेने चालू लागले. पन्हाळ्याच्या गादीचं, म्हणजे कोल्हापूरचं, राज्य १७३१ च्या वारणेच्या तहाने लहान होऊन स्थिरावलं. अमात्यांच्या स्वतःच्या घराण्याकडे बावड्याची जहागीर राहिली ती थेट विसाव्या शतकापर्यंत.

आणि त्याच कोल्हापूरच्या गादीवरून, आज्ञापत्रानंतर दोनशे वर्षांनी, १९१८ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कुलकर्णी वतन रद्द केलं आणि गावोगाव पगारी तलाठी नेमले. ओरड पुष्कळ झाली, ती सगळ्या प्रकारच्या लोकांकडून नव्हे, ज्यांचं दफ्तर गेलं त्यांच्याकडून झाली. मुंबई राज्याने परगणा आणि कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने काढली, महाराष्ट्राने महसुली पाटीलकी १९६२ मध्ये. तोवर पाटील आणि कुळकर्णी यांच्या दारात उभ्या राहणाऱ्या माणसाला मत देण्याचा हक्क मिळालेला होता. तलाठी आज गावात येतो तो पगारावर येतो, काही वर्षांनी बदलून जातो, आणि त्याचा मुलगा त्या गावचा तलाठी म्हणून जन्माला येत नाही. पंतांनी किल्ल्याच्या हवालदारासाठी लिहिलेला नियम गावच्या दफ्तराला लागू व्हायला एवढी वर्षं गेली.